तिकीट उतरवा, चौकोन सोडा

डिसेंबर जवळ आला की आपल्याकडच्या घराघरांतल्या फॅमिली ग्रुपवर एक ठरावीक गोष्ट सुरू होते. कुणाचं कुलदैवताला जायचं ठरतं, कुणाच्या भाच्याचं लग्न निघतं, आणि मग ग्रुपवर रेल्वेच्या तिकिटांचे फोटो पडायला लागतात. फोटोखाली ओळ असते, "हे बघा, झालं कन्फर्म!" काही जण थोडी काळजी घेतात आणि नावांवर बोटाने काळी रेघ ओढतात. कोपऱ्यातला काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, मात्र जसाच्या तसा राहतो. तो वाचायचा नसतो, त्यामुळे त्यात काही आहे हेच लक्षात येत नाही.

या वेळी तेवढ्याच एका गोष्टीबद्दल लिहितोय. तिकिटाचा फोटो पाठवण्याऐवजी त्यावरचा छापील मजकूर उतरवून पाठवायचा आणि कोड मुद्दाम गाळायचा. काम पाच मिनिटांचं आहे. पण ते नीट केलं तर पनवेलला चुकीच्या रात्री उभं राहणं टळतं आणि आजोबांना येणारा एखादा खोटा फोनही टळू शकतो.

चौकोनात काय असतं

ऑनलाइन काढलेल्या आरक्षित तिकिटाच्या प्रिंटवर किंवा पीडीएफवर जो क्यूआर कोड असतो, त्यावर फोनचा कॅमेरा धरून बघा. तुमचंच जुनं तिकीट घ्या, म्हणजे प्रयोग घरच्या घरी होईल. माझ्या पाहण्यातल्या तिकिटांवर त्यातून साधा, सरळ वाचता येणारा मजकूर बाहेर आला. पीएनआर, ट्रान्झॅक्शन आयडी, प्रवाशाचं नाव, वय, डबा आणि बर्थ, गाडी, तारीख, कुठून कुठे आणि भाडं, असं सगळं एकाखाली एक. त्याला कुलूप नसतं आणि पासवर्डही नसतो.

म्हणजे छापील नावावर काळी रेघ ओढून कोड तसाच ठेवला, तर आपण दाराला कडी लावली आणि खिडकी सताड उघडी ठेवली असं होतं. जे झाकलं तेच शेजारच्या चौकोनात पुन्हा लिहिलेलं आहे. फरक इतकाच की ते माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

"मग कोडवरही रेघ ओढू" असं कुणी म्हणेल. तेवढ्याने भागत नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. क्यूआर कोड मुळात मळलेल्या, फाटलेल्या कागदावरही वाचता यावा म्हणून बनवलेला आहे. त्यात खरा मजकूर असतोच, शिवाय तो दुरुस्त करता यावा म्हणून जादा माहितीही भरलेली असते. या दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात. सगळ्यांत खालच्या पातळीला साधारण 7 टक्के भाग खराब झाला तरी चालतो, सगळ्यांत वरच्या पातळीला साधारण 30 टक्के. पेनाची एक तिरकी रेघ या हिशेबात किरकोळ डाग ठरते.

कोपऱ्यातला एखादा मोठा चौकोन झाकला तर कॅमेरा गडबडतो खरा. पण ते तीन मोठे चौकोन प्रत्येक कोडमध्ये अगदी सारखेच असतात, त्यांत माहिती नसते. ज्याला वाचायचंच आहे तो ते परत काढून बसवू शकतो. फोनमधल्या हायलायटरसारख्या ब्रशचा रंग तर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालचे ठिपके पुन्हा दिसायला लागतात.

फोटो कापून पाठवणं त्यापेक्षा बरं, पण तेही प्रत्येक वेळी पक्कं नसतं. मार्च 2023 मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधला एक दोष उघड झाला होता. त्या फोनवर स्क्रीनशॉट कापला तरी कापलेल्या भागाची माहिती फाइलच्या शेपटाशी शिल्लक राहत होती आणि काही प्रमाणात परत मिळवता येत होती. तो दोष दुरुस्त झाला. पण मुद्दा उरतोच. चित्रातून काही लपवायचं म्हटलं की ते खरंच गेलं का, हे नुसतं बघून कळत नाही. मजकूर टाइप करून पाठवला तर हा प्रश्नच येत नाही, कारण जे लिहिलंच नाही ते कुणी उकरून काढू शकत नाही.

एक तिकीट उतरवून बघू

नमुन्याला एक तिकीट घेऊ. काका, काकू आणि आजोबा पनवेलहून कोकणकन्या एक्स्प्रेसने मडगावला निघालेत. मडगावला आत्याचा मुलगा गाडी घेऊन येणार आहे आणि इंदूरहून निघालेली मंडळी त्याच दिवशी देवळात भेटणार आहेत. म्हणजे तारीख, गाडी, डबा आणि पोचण्याची वेळ किमान तीन घरांना हवी आहे. तिकिटावरचे तपशील असे धरू (वेळा आणि रकमा नमुन्याच्या आहेत):

```
Train No./Name : 20111 / KONKAN KANYA EX
Class          : SLEEPER CLASS (SL)
Booked From    : PANVEL (PNVL)
Boarding At    : PANVEL (PNVL)
To             : MADGAON (MAO)
Start Date     : 12-Dec-2025
Departure      : 00:25 13-Dec-2025
1  74 M  CNF/S5/17/LOWER
2  52 M  CNF/S5/18/MIDDLE
3  49 F  CNF/S5/23/SIDE LOWER
Ticket Fare 1245.00 | Conv. Fee 11.80
Insurance 1.35      | Total 1258.15
QR: आहे, उतरवलेला नाही
```

उतरवण्याचा पहिला नियम असा, की जे छापलंय ते तसंच लिहायचं. सुधारणा करायची नाही. तिकिटावर नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तरी उतरवताना चुकलेलंच ठेवायचं, कारण टीसीच्या यादीतही तेच असणार आहे. स्टेशनचं नाव कोडसकट लिहायचं. "मुंबई" एवढंच लिहिलं तर सीएसएमटी, दादर, एलटीटी की मुंबई सेंट्रल, हा घोळ बाहेरगावहून येणाऱ्यांचा नेहमीचाच.

दुसरा नियम शेवटच्या ओळीचा. कोड गाळायचा, पण गाळलाय हे लिहून ठेवायचं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की तिकिटावर कोड नव्हताच, किंवा उतरवणारा विसरला. ती एक ओळ असली की कळतं, ही मुद्दाम केलेली अपुरी नक्कल आहे आणि अस्सल तिकीट प्रवाशाकडे आहे.

तारखेचा सापळा

या तिकिटातली सगळ्यांत महत्त्वाची जागा तारखेची आहे. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून वर दोन तारखा दिसतात. `Start Date` म्हणजे गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून निघते तो दिवस, 12 डिसेंबर, शुक्रवार. `Departure` म्हणजे आपल्या स्टेशनवरून निघण्याची वेळ, 13 तारखेला रात्री 00:25.

आता ग्रुपवर कुणी घाईत "13 ला रात्रीची गाडी" असं लिहिलं, तर वाचणारा काय करेल? शनिवारी जेवूनखाऊन रात्री अकराला पनवेलला पोचेल. गाडी तोवर साडेबावीस तासांपूर्वी निघून गेलेली असेल. उलट कुणी फक्त "12 डिसेंबर" लिहिलं, तर मडगावचा आत्येभाऊ 12 तारखेला सकाळी स्टेशनवर हजर.

म्हणून दोन्ही तारखा जशा छापल्यात तशा उतरवायच्या आणि खाली आपल्या भाषेत एक ओळ जोडायची: "शुक्रवारी रात्री जेवून निघायचं, गाडी मध्यरात्रीनंतर, म्हणजे शनिवार लागल्यावर." ही ओळ तिकिटावरची नाही, आपली आहे. त्यामुळे ती वेगळी ठेवायची, छापील ओळींत मिसळायची नाही.

चूक झाली हे कसं ओळखायचं

हल्ली बहुतेक फोनमध्ये फोटोवर बोट दाबून धरलं की त्यातली अक्षरं निवडता येतात आणि कॉपी करता येतात. ही सोय जरूर वापरा, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. घडी पडलेल्या, तिरक्या धरलेल्या कागदावर S चा 5 होतो, B चा 8 होतो, 7 चा 1 होतो. S5 चं 55 झालं तर लगेच दिसतं. पण 17 चं 11 झालं तर? दोन्ही बर्थ खरेच असतात, त्यामुळे नजरेला काही खटकत नाही.

इथे रेल्वेची बर्थची मांडणीच आपल्या मदतीला येते. स्लीपर डब्यात बर्थ आठ-आठच्या गटांत असतात. गटातला पहिला लोअर, दुसरा मिडल, तिसरा अपर, चौथा लोअर, पाचवा मिडल, सहावा अपर, सातवा साइड लोअर आणि आठवा साइड अपर. म्हणून बर्थ नंबरला 8 ने भागायचं आणि बाकी बघायची. 17 ला भागल्यावर बाकी 1, म्हणजे लोअर. तिकिटावरही `LOWER` आहे, जमलं. 18 ची बाकी 2, मिडल, जमलं. 23 ची बाकी 7, साइड लोअर, तेही जमलं. फोनने 17 चं 11 वाचलं असतं तर बाकी 3 आली असती, म्हणजे अपर. शेजारी मात्र `LOWER` लिहिलेलं. तिथेच कळलं असतं की आकडा चुकलाय.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना घ्यायला येणारा माणूस चुकीच्या बर्थपाशी शोधत बसू नये, यासाठी एवढा भागाकार करायला हरकत नाही. नेहमीच्या थ्री-एसी डब्यातही हाच हिशेब चालतो. टू-एसीत मधला बर्थ नसतो, त्यामुळे तिथे गट सहाचा असतो. थ्री-एसी इकॉनॉमीची रचना वेगळी असल्याने तिथे हा नियम लावू नका.

दुसरी पडताळणी पैशांची. भाडं, कन्व्हीनियन्स फी आणि विमा यांची बेरीज एकूण रकमेएवढी यायला हवी. वरच्या नमुन्यात 1245.00 अधिक 11.80 अधिक 1.35, म्हणजे 1258.15. बरोबर. भाड्यातल्या 4 चा 9 वाचला गेला असता तर बेरीज पन्नास रुपयांनी हुकली असती. तिकिटाचे पैसे तीन घरांत वाटून घ्यायचे असतील तर ही बेरीज आधी करून टाका, नंतरची कटकट वाचते.

तिसरी अडचण तक्त्याची. प्रवाशांची नावं, वयं आणि बर्थ तिकिटावर उभ्या रकान्यांत असतात. फोन कधीकधी आडवं वाचण्याऐवजी एक-एक रकाना उतरवतो. आधी सगळी नावं, मग सगळी वयं, मग सगळे बर्थ. एखादी ओळ गळली की आजोबांचा लोअर बर्थ काकूंच्या नावावर जातो. म्हणून प्रवाशांचा भाग नेहमी हाताने टाइप करायचा, एका प्रवाशाची एक ओळ. चार-सहा ओळींचंच काम असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. `SL` ही अक्षरं वर्गाच्या रकान्यात आली तर स्लीपर क्लास, आणि बर्थच्या रकान्यात संक्षेपाने आली तर साइड लोअर. कोणत्या रकान्यातून उचललं हे लिहिलं नाही तर वाचणारा गोंधळतो.

तिकीट वेटिंग किंवा आरएसीचं असेल तर नकलेखाली उतरवल्याची तारीख आणि वेळही टाका. छापील स्थिती त्या क्षणाची असते आणि चार्ट तयार होईपर्यंत ती बदलत राहते.

पीएनआर कुणाला द्यायचा

वरच्या नमुन्यात पीएनआर नाही आणि प्रवाशांची नावंही नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हे मुद्दाम केलंय. पीएनआर हा दहा आकडी नंबर आहे आणि तो ज्याच्या हाती आहे तो कोणीही, लॉगिन न करता, रेल्वेच्या साइटवर तिकिटाची स्थिती बघू शकतो. तिथे प्रवाशांची नावं दिसत नाहीत. पण गाडी, तारीख, स्टेशनं, डबा आणि बर्थ हे सगळं दिसतं. ज्याला आजोबांना उतरवून घ्यायचंय त्याला हे हवंच. त्याला तो वेगळ्या मेसेजने पाठवा. साठ माणसांच्या ग्रुपला त्याची गरज नाही. पाठवताना 3-3-4 असे आकडे तोडून लिहा आणि एकदा त्याच साइटवर टाकून खात्री करा. गाडी आणि तारीख जुळली म्हणजे नंबर बरोबर उतरला.

ट्रान्झॅक्शन आयडी मात्र कुणालाच देण्याचं कारण नाही. तो पैसे भरणाऱ्याच्या कामाचा.

एवढी काटकसर कशासाठी? तिकिटाचे फोटो आणि फोन नंबर सोशल मीडियावर उघड टाकणाऱ्या लोकांना नंतर खोटे फोन आल्याचे प्रकार घडले आहेत. पद्धत साधी असते. समोरचा माणूस रेल्वेतून बोलतोय असं सांगतो आणि तुमचंच तिकीट तुम्हाला वाचून दाखवतो. "आजोबा, तुमचं एस-फाइव्ह, सतरा नंबर, मडगावचं. बरोबर ना? रिफंड निघालाय तुमचा." माणूस विश्वास ठेवतो तो याच वाक्यावर, कारण इतकं बरोबर सांगणारा खोटा कसा असेल? त्यानंतर लिंक येते, एखादं अ‍ॅप घ्यायला सांगतात किंवा ओटीपी मागतात. कोडमधला मजकूर नेमका असाच असतो, नाव, वय, बर्थ, गाडी आणि भाडं एकाच जागी, कुणीही फोनवर वाचून दाखवावा असा. कोड गाळला की हे तयार संभाषण हाती लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना एवढं नक्की सांगून ठेवा, की बर्थ नंबर माहीत असणं ही ओळख नव्हे. शंका आली तर आपणहून 139 ला फोन करायचा.

नक्कल म्हणजे तिकीट नव्हे

कोड गाळल्याने प्रवास अडेल का, ही शंका मला हमखास विचारली जाते. ई-तिकिटाच्या बाबतीत नाही. प्रवाशाकडे रेल्वेचा मूळ एसएमएस किंवा तिकिटाची पीडीएफ आणि अस्सल ओळखपत्र असलं की पुरतं. टीसी आपल्या यादीतलं नाव आणि ओळखपत्र ताडून बघतो. आपली नक्कल घरच्यांसाठी आहे, टीसीसाठी नाही.

खिडकीवर काढलेल्या तिकिटाचं मात्र वेगळं. तिथे तो छापील कागदच तिकीट असतो. त्याचा फोटो चालत नाही आणि नक्कलही चालत नाही. आजोबांनी खिडकीवरून तिकीट आणलं असेल तर आधी मजकूर उतरवून घ्या, मग कागद त्यांच्या पाकिटात परत ठेवा आणि ठेवलाय हे त्यांना दाखवा.

मेट्रोचं तिकीट याच्या अगदी उलट. तिथे छापील मजकुराला किंमत नाही, कोड हेच तिकीट. दरवाजा नाव विचारत नाही, ज्याने आधी कोड दाखवला त्याला आत घेतो. म्हणून अशा तिकिटाचा फोटो पाठवणं म्हणजे तिकीटच देऊन टाकणं. मजकूर उतरवून ठेवला तर पुढे तारीख आणि भाडं आठवायला उपयोगी पडेल, पण त्याने दार उघडणार नाही.

थोडक्यात ग्रुपवर जाणारी नक्कल अशी असावी. गाडी, स्टेशनं कोडसकट, दोन्ही तारखा, डबा आणि बर्थ, "आजोबा", "काका", "काकू" अशी घरातली ओळख, आणि शेवटी "QR: आहे, उतरवलेला नाही". ग्रुपवर आधीच पडलेले फोटो असतील तर ज्याने टाकले त्याला डिलीट करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायला ठरावीक मुदत असते, त्यामुळे हे काम पाहिल्या पाहिल्या करा. कुणाच्या फोनमध्ये फोटो आधीच उतरला असेल तर तो तिथे राहू शकतो, म्हणून पुढचं तिकीट आलं की सुरुवातच मजकुराने करा.